दोन फेसमधला ४६ सेकंदांचा फरक: मशीन परत करायचं की मोजणी करायची?

प्रश्न: गुहागर तालुक्यात जयगड खाडीकडे उतरणारी आंब्याची बाग मोजायची आहे. चिपळूणहून ५ सेकंदांचं टोटल स्टेशन भाड्याने आणलंय. काम सुरू करण्याआधी एकच खूण फेस लेफ्ट आणि फेस राइटने, म्हणजे एकदा सरळ आणि एकदा दुर्बीण उलटवून, बघितली, तर आडव्या कोनात १८० अंशांऐवजी १८० अंश ० मिनिटं ४६ सेकंद फरक येतो. भाड्याने देणारा म्हणतो ‘एवढं चालतं’, मित्र म्हणतो ‘मेनूत जाऊन कॅलिब्रेट कर’. मशीन परत करू, कॅलिब्रेट करू, की असंच काम करू?

उत्तर:

आज तरी परत करू नका आणि कॅलिब्रेटही करू नका. आधी तो ४६ चा आकडा खरा आहे का ते बघा. एकदा घेतलेल्या रीडिंगवरून तेवढं कळत नाही.

‘५ सेकंदांचं मशीन आणि फरक ४६, म्हणजे मशीन नऊ पट बिघडलंय’ असं बरेच जण समजतात. पेटीवरचे ते ५ सेकंद आयएसओ १७१२३-३ या मानकाच्या पद्धतीने काढलेले असतात, आणि त्या मानकात एक दिशा म्हणजे दोन्ही फेसवर घेतलेल्या वाचनांची सरासरी. तुमच्याकडे आलेला ४६ चा फरक त्या सरासरीत उडून जातो. दुसरं म्हणजे या फरकात दोष दुप्पट होऊन दिसतो. दुर्बिणीची नजररेषा आडव्या अक्षाला काटकोनात नसेल, तर डाव्या फेसला ती जेवढी एका बाजूला सरकते, उजव्या फेसला तेवढीच दुसऱ्या बाजूला. म्हणजे तुमचा कॉलिमेशनचा दोष ४६ नाही, २३ सेकंद आहे. तोही आकडा टिकला तरच.

टिकतो का ते कसं बघायचं? खूण निवडताना प्रिझम वापरू नका. कोणाला काठी धरून उभं करायचं नाही. कागदावर काळं-पांढरं चौकट छापा आणि शंभर-दीडशे मीटरवरच्या पक्क्या चिऱ्याच्या भिंतीवर चिकटवा. ती साधारण दुर्बिणीच्याच उंचीला हवी, चढ-उतार दोन-तीन अंशांपेक्षा जास्त नको. अंतराचं कारण साधं आहे. वीस मीटरवर काठी ३ मिलिमीटर हलली तर कोनात ३१ सेकंदांचा फरक पडतो, दीडशे मीटरवर त्याच ३ मिलिमीटरचे जेमतेम ४ सेकंद होतात. जवळच्या खुणेवर तुम्ही मशीन तपासत नाही, काठी धरणाऱ्या पोराचा हात तपासता.

वेळ सकाळची, ऊन कातळावर चढायच्या आत. जांभ्याचा सडा दहा वाजेपर्यंत एवढा तापतो की खूण पाण्यात पडल्यासारखी थरथरते, आणि मग क्रॉसहेअर कुठे ठेवायचा हे तुमच्या मनावर राहतं. मशीन एसी गाडीतून किंवा दुकानातून आणलं असेल तर सावलीत पेटी उघडून ठेवा. आतल्या-बाहेरच्या तापमानात जितक्या अंशांचा फरक, तितक्या दुप्पट मिनिटं थांबायचं, असा ठोकताळा आहे. आपल्याकडची दमट हवा थंड काचेवर लगेच बसते. काच पुसली की वरून साफ दिसते, पण आतल्या भिंगावरची वाफ आपल्या वेळेनेच जाते.

मग आयपीस फिरवून आधी क्रॉसहेअर काळाभोर करा, नंतर खुणेवर फोकस करा आणि डोळा थोडा डावीकडे-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर खुणेवर सरकताना दिसला तर पॅरॅलॅक्स आहे, ते गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यानंतर फेस लेफ्टला खूण धरा, वाचा. दुर्बीण उलटवा, फेस राइटला धरा, वाचा. आणि मग जे बहुतेक जण करत नाहीत ते करा: पुन्हा फेस लेफ्टला येऊन तीच खूण धरा. पहिलं आणि तिसरं वाचन चार-पाच सेकंदांत जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर मधला फरक कॉलिमेशनचा नाही. त्या दोन मिनिटांत ट्रायपॉड फिरलाय, किंवा मशीनखालच्या ट्रायब्रॅकचा स्क्रू सैल आहे, किंवा तुमची खूण धरण्याची सवय अजून बसायची आहे.

आपल्या भागात बहुतेक वेळा ट्रायपॉडच असतो. भातखाचरात पाय खचतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण कातळावर उलटं होतं: लोखंडी टोक आत जातच नाही, गुळगुळीत जांभ्यावर ते केसभर घसरतं. मी छिन्नीने तीन बोटभर खळगे करून घेतो, नाहीतर प्रत्येक पायाशी वाळूची पिशवी ठेवतो. लाकडी ट्रायपॉड असेल तर पावसाळ्यात फुगलेल्या पायांचे बोल्ट मे महिन्यात सैल मिळतात, ते आधी आवळा. आणि वाचताना मशीनभोवती फिरावं लागतं तेव्हा पाय कुठे पडतोय त्याकडे लक्ष ठेवा. बारीक माणसाच्या वजनानेही मऊ जमिनीत रीडिंग सरकतं.

असे तीन फेरे घ्या. तुमचे तीन फरक समजा ४८, ४४, ४६ असे आले, सगळे एकाच दिशेचे, तर मशीनचा दोष २३ सेकंद आहे आणि तो स्थिर आहे. माझ्या दृष्टीने असं मशीन चांगलं. पण ४६, १२, ७० असे आले तर सरासरी ४३ येते म्हणून खूश होऊ नका. ते मशीन किंवा ती मांडणी विश्वासाची नाही, मग सरासरी शून्य का येईना. लहान पण उड्या मारणाऱ्या दोषापेक्षा मोठा आणि स्थिर दोष मला परवडतो, कारण मोठा स्थिर दोष दोन फेसच्या सरासरीत जातो, उड्या मारणारा जात नाही.

आता तुमच्या बागेचा खरा प्रश्न, तो म्हणजे उतार. सपाट रानात वरची तपासणी पुरते. तुम्हाला एका स्टेशनवरून वर डोंगराकडच्या गडग्याचा कोपरा बघायचाय आणि खाली खाडीकाठचा दगडही. नजर जितकी तिरकी होईल तितका कॉलिमेशनचा परिणाम किंचित वाढतो, पण वर बघा की खाली, तो एकाच दिशेला राहतो. आडवा अक्षच कलता असेल तर त्याचा परिणाम सपाट नजरेला शून्य, वर बघताना एका दिशेला आणि खाली बघताना बरोबर उलट्या दिशेला. म्हणून सपाट खुणेवर तपासणी झाल्यावर वरच्या आणि खालच्या एकेका खुणेवरही दोन फेस घ्यावे. कोकणात वर-खाली खुणा आयत्या मिळतात, देशावरच्या सर्व्हेयरला यासाठी पाण्याची टाकी नाहीतर मोबाइलचा टॉवर शोधावा लागतो.

हेदवीच्या बाजूला एका कामात मला मिळालेले आकडे सांगतो. सपाट खुणेवर दोन फेसमधला फरक ३० सेकंद. २८ अंश वर असलेल्या खुणेवर ५२. खाली २० अंशांवर २०. नुसतं कॉलिमेशन असतं तर वरचा आकडा ३४ आणि खालचा ३२ यायला हवा होता, म्हणजे तिन्ही जवळजवळ सारखेच. इथे वर १८ ने वाढलाय आणि खाली १२ ने घटलाय. ही उलटसुलट वागणूक आडव्या अक्षाच्या कलाची, हिशेब केला तर साधारण १७ सेकंदांच्या. मी त्या दिवशी मशीन बदललं नाही. प्रत्येक हद्दीची खूण दोन्ही फेसवर घेतली, कारण अक्षाचा हा दोषही सरासरीत जातो. एकाच फेसवर काम केलं असतं तर वरच्या आणि खालच्या खुणांमधल्या कोनात १६ सेकंद चुकलो असतो: २६ उणे १०. शंभर मीटरवर ते सुमारे ८ मिलिमीटर. गडग्याच्या हद्दीला ८ मिलिमीटर काहीच नाही, गडगा स्वतःच हातभर रुंद असतो. पण तेच मशीन पुढच्या आठवड्यात लोखंडी शेडचे बोल्ट आखायला गेलं तर गोष्ट वेगळी.

मग २३ सेकंदांनी तुमच्या बागेत नेमकं काय बिघडेल? खरं सांगायचं तर नेहमीच्या कामात फार काही नाही. तुम्ही बॅकसाइट, म्हणजे दिशा लावायची मागची खूण, आणि पुढच्या सगळ्या खुणा एकाच फेसवर घेतल्या, तर प्रत्येक दिशा २३ सेकंदांनी एकाच बाजूला सरकते आणि दोन दिशांमधला कोन जसाच्या तसा राहतो. एक खूण सपाट आणि दुसरी २५ अंश वर असली तरी कोनात अडीच सेकंदांच्या आतच फरक पडतो. भाड्याने देणारा ‘चालतं’ म्हणतो तेव्हा त्याला हेच अभिप्रेत असावं, फक्त कुठे चालत नाही ते तो सांगत नाही.

चालत नाही ते फेस मिसळला की. बॅकसाइट फेस लेफ्टला घेतली, पुढे भिंतीला टेकून उभं राहायला जागा नाही म्हणून दुर्बीण उलटवून फेस राइटला चार खुणा घेतल्या, आणि मशीनने ती वाचनं निमूट साठवली. त्या चार खुणा ४६ सेकंदांनी फिरलेल्या असतात, म्हणजे शंभर मीटरवर २२ मिलिमीटर. नकाशावर त्या वेगळ्या दिसत नाहीत, म्हणून हा दोष फार उशिरा सापडतो.

दुसरी जागा म्हणजे रेषा वाढवणं, आणि बागेत हे रोज लागतं. दोन दगडांमधली हद्द झाडीतून पुढे न्यायची असते. मागच्या दगडावर नजर लावली, क्लॅम्प तसाच ठेवला, दुर्बीण उलटवली आणि समोर खुंटी ठोकली. तुमच्या मशीनने ती खुंटी शंभर मीटरवर २२ मिलिमीटर बाजूला बसेल. तिथे स्टेशन हलवून परत तसंच केलं की चूक त्याच बाजूला साठत जाते आणि तिसऱ्या-चौथ्या स्टेशनला तुमची सरळ रेषा धनुष्यासारखी वाकलेली असते.

यावरचा उपाय जुन्या थिओडोलाइटच्या काळापासूनचा आहे आणि त्यातच तपासणीही होते. खुंटीऐवजी समोर शंभर मीटरवर एक फळी आडवी रोवा. फेस लेफ्टला मागचा दगड धरून दुर्बीण उलटवा, फळीवर क्रॉसहेअर पडेल तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारायला सांगा. आता मशीन फिरवून फेस राइटला तोच मागचा दगड धरा, दुर्बीण उलटवा, दुसरी रेघ मारून घ्या. पहिली रेघ एका बाजूला दोषाच्या दुप्पट सरकलेली, दुसरी दुसऱ्या बाजूला दुप्पट, म्हणून दोन रेघांमधलं अंतर दोषाच्या चौपट. २३ सेकंदांचे ९२ होतात, आणि शंभर मीटरवर ते साडेचार सेंटिमीटर भरतात. दोन रेघा डोळ्यांना उघड दिसतात, टेपने मोजता येतात. खरी रेषा दोघींच्या बरोबर मध्ये, खुंटी तिथे. मालक शेजारी उभा असेल तर त्यालाही हे समजतं. ‘सेकंद’ म्हटलं की त्याची नजर शून्यात जाते, फळीवरच्या दोन रेघा बघून तो स्वतः मध्य काढून दाखवतो.

एक गंमत इथे लक्षात ठेवा. टोटल स्टेशनमध्ये साठवलेली दुरुस्ती फक्त स्क्रीनवरच्या आकड्याला लागते, काचेतल्या क्रॉसहेअरला नाही. म्हणून क्लॅम्प घट्ट असूनही दुर्बीण वर-खाली केली की कधीकधी आडव्या कोनाचे सेकंद बदलताना दिसतात. मशीन बिघडलेलं नसतं, ते दुरुस्ती लावत असतं. पण त्याचा अर्थ असा की कॅलिब्रेट केल्यावरही नुसती दुर्बीण उलटवून खुंटी ठोकाल तर जुनीच चूक होईल. मागच्या दगडावर स्क्रीनवर जो आडवा कोन होता, बरोबर तोच परत येईपर्यंत बारीक स्क्रूने फिरवून ठोकली तरच दुरुस्तीचा उपयोग.

आता कॅलिब्रेट. तुमच्या स्क्रीनवर दिसणारा ४६ हा मशीनमध्ये आधीच साठवलेली दुरुस्ती वजा जाऊन उरलेला फरक असू शकतो, म्हणजे दोष काचेत नसून कोणीतरी साठवलेल्या आकड्यात असू शकतो. भाड्याच्या मशीनमध्ये हे फार घडतं. मला एकदा असंच मशीन मिळालं होतं, दोन फेसमध्ये सव्वा मिनिटाच्या आसपास फरक, आणि तीनही फेऱ्यांत अगदी स्थिर. मेनूत साठवलेली दुरुस्ती बघितली तर तिथे मोठा आकडा. आधीच्या गिऱ्हाइकाने भर दुपारी रस्त्यापलीकडच्या काठीवरच्या प्रिझमवर कॅलिब्रेट केलं होतं, असं देणाऱ्यानेच नंतर कबूल केलं. मशीन मुळात ठीक होतं, बटण दाबणारा चुकला होता. मीही तसंच घाईत दाबलं असतं तर माझ्यानंतरच्याला माझी चूक मिळाली असती.

तर बटण दाबायचंच असेल तर आधी मेनूत सध्याची मूल्यं उघडून वहीत लिहून घ्या, तारखेसकट. मग वर सांगितलेली सकाळ, तोच दूरचा कागद, तीन जुळलेले फेरे. त्यानंतरच कॅलिब्रेट, आणि नंतर वेगळ्या दिशेच्या दुसऱ्या खुणेवर दोन फेस. त्याच खुणेवर बघितलं तर फरक जवळजवळ शून्यच दिसणार, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. दुसऱ्या खुणेवरही फरक पाच-सहा सेकंदांत आला तर नवं मूल्य ठेवा, नाहीतर वहीतलं जुनं परत भरा. मशीनच मूल्य स्वीकारत नसेल, मर्यादेबाहेर म्हणत असेल, तर ते कार्यशाळेचं काम. आयपीसजवळच्या झाकणाखालचे क्रॉसहेअरचे स्क्रू बागेत उघडू नका, खाऱ्या हवेत ते आधीच अडकलेले असतात आणि एक तुटला की अख्खं मशीन तुमच्या नावावर.

उभ्या कोनाचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण बागेची कॉन्टूर किंवा पाण्याच्या टाकीची उंची काढणार असाल तर तोच जास्त महाग पडतो. त्याच खुणेवर दोन फेसचे V वाचून बेरीज करा, ती ३६० अंश यायला हवी. समजा ८८ अंश १२ मिनिटं ३० सेकंद आणि २७१ अंश ४८ मिनिटं ६ सेकंद आले, तर बेरीज ३६ सेकंदांनी जास्त, म्हणजे इंडेक्सचा दोष १८ सेकंद. आडव्या कोनासारखा हा दोन दिशांच्या वजाबाकीत जात नाही. एका फेसवर घेतलेली प्रत्येक उंची अंतराच्या प्रमाणात चुकते: दीडशे मीटरवर १३ मिलिमीटर, तीनशेवर २६. जवळच्या खुणेला कमी आणि लांबच्या खुणेला जास्त, त्यामुळे आख्खी बाग थोडी कललेली निघते.

आणि या सगळ्या तपासणीत न सापडणारी एक गोष्ट आहे. मशीनचा उभा अक्षच सरळ नसेल, म्हणजे लेव्हल नीट नसेल, तर त्याची चूक दोन्ही फेसवर एकाच दिशेला पडते. फरकात ती दिसत नाही, सरासरीतही जात नाही, आणि तिरक्या नजरेला ती वाढते, तुमच्या उतारावर नेमकी हीच भीती. म्हणून आधी बबल तपासा: दोन स्क्रूंना समांतर ठेवून मध्यावर आणा, मशीन १८० अंश फिरवा, बबल जागचा हलला तर जितका हलला त्याच्या अर्धाच लेव्हलच्या स्क्रूंनी परत आणा. मग तो कुठल्याही दिशेला तेवढाच बाजूला राहायला हवा. मशीनचा उरलेला कल आपोआप भरून काढणारा कॉम्पेन्सेटर दोन अक्षांचा असेल तर तो सुरू आहे ना ते बघा. वाऱ्यात स्क्रीनवरचा आकडा नाचतो म्हणून काही जण तो बंद करतात आणि परत लावायला विसरतात.

तुमच्या बागेसाठी मी असं करेन. उद्या सकाळी तीन फेरे, मग वर-खाली एकेक खूण. फरक स्थिर असेल तर मशीन ठेवा. हद्दीच्या खुणा आणि ट्रॅव्हर्सची स्टेशनं दोन्ही फेसवर, बागेतली झाडं, पायवाटा, विहीर एका फेसवर, पण तो फेस बॅकसाइटचाच. रेषा वाढवताना फळी आणि दोन रेघा. दुपारी जेवणानंतर सकाळच्या त्याच कागदावर एकदा दोन फेस घ्या. सकाळचा आणि दुपारचा फरक दहा-बारा सेकंदांपेक्षा जास्त वेगळा आला, तर बहुतेक ट्रायपॉड किंवा ऊन, मग मशीनवर छत्री धरा आणि पाय तपासा. शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असेल तर हे काम तुमच्या माहितीपुरतं, हद्द कायम मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडूनच होते. तिथे तुमची वही दाखवली तर भूकरमापक बघेलही, पण खुणा तो त्याच्या मोजणीनेच ठेवणार.

सकाळच्या फेऱ्यांचे आकडे कळवा, वर-खालच्या खुणांसकट. फरक उड्या मारत असेल तर फेऱ्यांचा क्रम आणि पहिलं-तिसरं वाचनही लिहा, त्यावरून ट्रायपॉड की मशीन ते सांगता येईल.